शफल लावले तरी तोच गायक पाठोपाठ का येतो?

राजारामपुरीकर

नमस्कार मंडळी. राजारामपुरीत माझे झेरॉक्स आणि बाइंडिंगचे दुकान आहे आणि दुकानात दिवसभर हलक्या आवाजात जुनी मराठी गाणी चालू असतात. त्यासाठी मोबाइलमधील एका ॲपवर मी ४० गाण्यांची प्लेलिस्ट केली आहे. तिच्यात सुधीर फडके यांची १०, लताबाईंची ८, आशाबाईंची ८, वसंतराव देशपांडे यांची ६, भीमसेनजींची ४ आणि आणखी चार गायकांचे प्रत्येकी एक गाणे आहे. सकाळी शटर उघडले की शफल लावतो आणि कामाला लागतो.

माझी तक्रार अशी की हे शफल मला शफल वाटतच नाही. परवा गिऱ्हाईक कमी होते म्हणून पहिली २० गाणी कोणत्या क्रमाने वाजली ते बिलाच्या पाठीमागे लिहून ठेवले. गायकांची आद्याक्षरे घेऊन तो क्रम असा होता:

फ ल ल आ फ फ फ व आ भ ल फ आ आ क व ल फ फ भ

(क म्हणजे एकच गाणे असलेल्या चौघांपैकी एक.) बाबूजी मला कितीही प्रिय असले तरी एकामागून एक तीन गाणी त्यांचीच, आणि पुढे पुन्हा दोन, हे काही योगायोगाने होईल असे वाटत नाही. शेजारचे चहावाले म्हणाले की ज्या कंपनीकडे त्या गाण्यांचे हक्क असतात ती ॲपवाल्यांना पैसे देते आणि तिची गाणी पुढे ढकलली जातात. यात काही तथ्य आहे का, की ॲपच बिघडले आहे, हे जाणकारांनी सांगावे.

अभियंता_कागल

पैशांचे माहीत नाही, पण तांत्रिक कारण सरळ आहे. संगणक सहसा खरे यादृच्छिक असे काही काढत नाही. तो एका सूत्रातून आकडे तयार करतो आणि ते आपल्याला यादृच्छिक भासतात, इतकेच. सूत्र म्हटले की त्यात साचा आला आणि साचा आला की ठरावीक गायक पुन्हापुन्हा येणार. शिवाय बऱ्याच ॲपमध्ये शफलचा कोड निष्काळजीपणे लिहिलेला असतो. ॲप पूर्ण बंद करून कॅशे पुसा आणि पुन्हा सुरू करून पाहा.

मंजिरी_क

मी काही वर्षे गाणी वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम केले आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहिते.

अभियंता यांचे सूत्राबद्दलचे म्हणणे बरोबर आहे, मात्र त्यातून काढलेला निष्कर्ष बरोबर नाही. संगणकाचे आकडे सूत्रातून येतात हे खरे. पण आजच्या साध्या फोनमधले सूत्रही इतके चांगले असते की चाळीस गाण्यांच्या क्रमात त्याचा साचा कानाला जाणवणे शक्य नाही. निष्काळजी कोडचे म्हणणे मात्र मला मान्य आहे. क्रम नीट मिसळण्याची रीत जुनी आहे. फिशर आणि येट्स या संख्याशास्त्रज्ञांनी ती १९३८ मध्ये कागद-पेन्सिलीसाठी दिली आणि १९६४ मध्ये डर्स्टनफेल्ड यांनी ती संगणकासाठी सुटसुटीत केली. शेवटच्या जागेपासून सुरुवात करायची, तिथवरच्या गाण्यांपैकी कोणतेही एक चिठ्ठीने निवडून त्या जागी ठेवायचे, मग एक जागा अलीकडे यायचे आणि तेच पुन्हा करायचे. यात प्रत्येक क्रम निघण्याची शक्यता सारखी असते. हेच करताना काही जण प्रत्येक पायरीला संपूर्ण यादीतून चिठ्ठी काढतात आणि तिथे गफलत होते, कारण तीन गाण्यांची यादी घेतली तर अशा चिठ्ठ्यांचे २७ प्रकार होतात, क्रम मात्र ६ असतात, आणि २७ ला ६ ने निःशेष भाग जात नाही. म्हणजे काही क्रम जास्त वेळा निघणारच.

परंतु राजारामपुरीकरांनी लिहून ठेवलेल्या क्रमासाठी एवढ्या चुकीचीही गरज नाही. अगदी निर्दोष शफलमधूनही हेच निघते. तुमचेच आकडे घेऊन दाखवते.

एखाद्या गायकाची गाणी किती आहेत, त्या संख्येला तिच्यातून एक वजा केलेल्या संख्येने गुणा. फडक्यांसाठी १० गुणिले ९ म्हणजे ९०, लताबाई आणि आशाबाई प्रत्येकी ८ गुणिले ७ म्हणजे ५६, वसंतराव ३०, भीमसेनजी १२, आणि एकेकट्या गाण्यांचे शून्य. बेरीज २४४ होते. तिला एकूण गाण्यांनी, म्हणजे ४० ने भागले की ६.१ येतात. याचा अर्थ असा की चाळीस गाण्यांच्या पूर्ण फेरीत ‘तोच गायक लागोपाठ’ ही घटना सरासरीने सहा वेळा घडलीच पाहिजे. पहिल्या २० गाण्यांपुरते पाहिले तर अपेक्षा तीनची निघते. तुमच्या क्रमात अशा जोड्या पाच आहेत: एकदा लल, एकदा आआ आणि फफ तीन वेळा, कारण सलग तीन फ म्हणजे दोन जोड्या होतात. तीनच्या जागी पाच येणे हे काहीसे जास्त आहे. पण पाच-सहा वेळा शफल केले तर त्यात एकदा तरी होण्याजोगे आहे.

आता फक्त फडक्यांचे बघू. त्यांची १० गाणी ४० जागांवर अशी पडली की कुठेही दोन शेजारी आली नाहीत, याची शक्यता शेकडा ५ च्या आसपास आहे. म्हणजे शंभरांतील पंच्याण्णव दिवशी त्यांची निदान दोन गाणी लागोपाठ येणारच. आणि सलग तीन येण्याची शक्यता शेकडा ३५ आहे, म्हणजे तीन दिवसांतून एकदा. तोच गायक एकदाही लागोपाठ न येणेच खरे तर संशयास्पद ठरले असते.

आपली अपेक्षा अशी असते की सगळे गायक सारख्या अंतराने, फिरून फिरून यावेत. त्याला मिसळणे म्हणत नाहीत, ती वाटणी झाली.

पन्हाळा_रोड

माझाही असाच अनुभव आहे म्हणून लिहितो. मी भाड्याची गाडी चालवतो. गाडीतल्या टेपला पेनड्राइव्ह लावून शफल चालू ठेवले आहे. रोज सकाळी किल्ली फिरवली की पहिले गाणे तेच, दुसरेही तेच, तिसरेही तेच. पन्हाळ्यावरून परत येताना मध्ये चहाला थांबलो, गाडी बंद करून पुन्हा चालू केली, तर पुन्हा पहिल्यापासून तीच रांग. मंजिरीताईंच्या हिशोबाने हेसुद्धा योगायोगात बसते का?

मंजिरी_क

नाही भाऊ, हे त्यात बसत नाही. तुमची तक्रार वेगळी आहे आणि खरीही आहे. अभियंता यांनी सांगितलेले सूत्र कुठल्यातरी एका सुरुवातीच्या आकड्यापासून चालू होते. त्या आकड्याला सीड म्हणतात. सीड तोच असेल तर पुढचे सगळे आकडे तसेच येतात आणि गाण्यांचा क्रमही तोच राहतो. फोन दर वेळी वेगळा सीड घेतो. काही साध्या टेपमध्ये चालू होताना वेगळे असे काही हाताशी नसल्यामुळे ठरलेलाच आकडा घेतला जातो. तपासणी सोपी आहे: टेप दोनदा बंद-चालू करून पहिल्या पाच गाण्यांची नावे लिहा. शंभर गाण्यांच्या यादीत पहिली पाच गाणी त्याच क्रमाने योगायोगाने पुन्हा येणे जवळजवळ अशक्य आहे, म्हणून ती तशी आली तर सीड तोच आहे असे समजा. यावर उपाय म्हणजे पेनड्राइव्हवर काही गाणी वाढवणे किंवा कमी करणे. यादीतल्या गाण्यांची संख्या बदलली की त्याच आकड्यांतून सहसा वेगळी रांग निघते. तरी ती नवी रांगही पुढच्या बदलापर्यंत तशीच राहील.

राजारामपुरीकर

ताई, हिशोब पटला. बिलाच्या पाठीमागे मीही गुणाकार करून पाहिला. पण मग एक प्रश्न उरतो. माझ्या मुलीच्या फोनवर दुसरे ॲप आहे. त्यावर हीच यादी चालवली तर गायक पाठोपाठ फारसे येत नाहीत. तुम्ही म्हणता ते न घडणे संशयास्पद, तर मग तिचे ॲप लबाडी करते असे समजायचे का?

मंजिरी_क

लबाडी म्हणा किंवा सौजन्य म्हणा, पण होय, ते मुद्दाम केलेले असते. श्रोत्यांच्या तक्रारी फार आल्या की कंपन्या शफल कमी यादृच्छिक करतात, म्हणजे ते जास्त यादृच्छिक वाटते. ॲपलने २००५ मध्ये आयट्यून्समध्ये यासाठी एक सरकपट्टी दिली होती आणि स्टीव्ह जॉब्स यांनी त्या वेळी हे कारण उघडपणे सांगितले होते. स्पॉटिफायने २०१४ मध्ये आपली रीत समजावून सांगितली. ती मार्टिन फिडलर यांनी २००७ मध्ये मांडलेल्या कल्पनेवरून सुचल्याचेही त्यांनी म्हटले होते. नंतर त्यांनी आणि इतरांनीही पुष्कळ बदल केले असतील, पण मूळ कल्पना समजून घेण्यासारखी आहे. ती तुमच्याच यादीवर करून पाहू.

४० गाणी म्हणजे शून्य ते चाळीस अशी एक लांब पट्टी समजा. फडक्यांची १० गाणी तिच्यावर सारख्या अंतराने बसवायची तर अंतर ४ होते. लताबाई आणि आशाबाई यांचे ५, वसंतरावांचे साधारण ६.७, भीमसेनजींचे १०. आता प्रत्येक गायकाची सुरुवात चिठ्ठीने ठरवायची, मात्र ती शून्य आणि त्याच्या अंतराच्या मधेच हवी. फडक्यांना १.३ मिळाले असे धरा. मग त्यांच्या जागा १.३, ५.३, ९.३, १३.३ अशा पुढे जातील. इतक्यावर थांबलो तर रांग घड्याळासारखी चालेल आणि ऐकणाऱ्याला दहा मिनिटांत अंदाज येईल. म्हणून प्रत्येक जागा थोडी मागेपुढे हलवायची. किती हलवायची ते बनवणाऱ्यावर आहे. मी इथे अंतराच्या पाचव्या भागापर्यंतची मुभा धरते. फडक्यांना ०.८ पर्यंतची मुभा मिळते आणि त्यांच्या जागा समजा १.९, ४.९, १०.१, १३.० होतात.

हेच लताबाईंसाठी केले आणि २.३, ८.९, १३.४ मिळाले, आशाबाईंसाठी ०.७, ६.३, ९.८, १५.८, वसंतरावांसाठी ३.५, १०.७. भीमसेनजी आणि एकेकटी गाणी सोपेपणासाठी बाजूला ठेवते. आता गायक विसरून सगळे आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत लावा. पहिली बारा गाणी अशी येतात:

आ फ ल व फ आ ल आ फ व फ ल

कोणीही लागोपाठ नाही. प्रत्येक गायकाची स्वतःची गाणी आधी साध्या पद्धतीने मिसळून घेतलेली असतात, त्यामुळे फडक्यांचे कोणते गाणे १.९ वर येईल ते दर वेळी बदलते.

एक गोष्ट नजरेतून सुटू देऊ नका. फडक्यांची १०.१ आणि १३.० ही दोन गाणी पाहा. त्यांच्यामध्ये वसंतरावांचे १०.७ आले नसते तर ती शेजारी पडली असती. म्हणजे ही रीत जोड्या पुष्कळ कमी करते, शून्यावर आणेल अशी हमी देत नाही. आणि एका गायकाची गाणी निम्म्याहून जास्त असतील, म्हणजे ४० पैकी २१ किंवा अधिक, तर कोणतीही रीत वापरली तरी जोडी टळणार नाही, कारण मध्ये घालायला दुसरी गाणीच पुरत नाहीत.

अभियंता_कागल

ही रीत आवडली. रात्री बसून लिहून पाहिली. ज्यांना पायथॉन येते त्यांच्यासाठी देतो:

```python
import random

def spread(by_artist):
    total = sum(len(s) for s in by_artist.values())
    keyed = []
    for songs in by_artist.values():
        random.shuffle(songs)
        gap = total / len(songs)
        start = random.uniform(0, gap)
        for i, song in enumerate(songs):
            jitter = random.uniform(-0.2, 0.2) * gap
            keyed.append((start + i * gap + jitter, song))
    return [song for _, song in sorted(keyed)]
```

मात्र चालवताना एक शंका आली. ज्याचे एकच गाणे आहे त्याचे अंतर ४० आणि मुभा दोन्ही बाजूंना ८ होते. त्यामुळे त्याचा आकडा कधी शून्याखाली जातो, कधी चाळीसच्या वर. तो शून्याखाली गेला की ते गाणे बहुतेक वेळा थेट पहिल्या क्रमांकावर बसते. म्हणजे एकेकट्या गाण्यांना पहिले आणि शेवटचे आसन जरा जास्त वेळा मिळत असणार. हे चालेल का?

मंजिरी_क

बरोबर पकडलेत. एकट्या गाण्याला हलवण्याची गरजच नाही, त्याची सुरुवात आधीच पूर्ण पट्टीवर चिठ्ठीने ठरली आहे. `len(songs)` एक असेल तर `jitter` शून्य ठेवा, म्हणजे बरेचसे काम झाले. दोन-तीन गाणीवाल्यांच्या बाबतीत थोडा झुकाव उरतो. तो मी तरी सोडून देईन.

स्वरगंधा

मी गाण्याचे वर्ग घेते आणि विद्यार्थ्यांना ऐकण्यासाठी याद्या करून देते, म्हणून एका गोष्टीकडे लक्ष वेधते. वरची सगळी चर्चा ‘ॲपला गायक कोण हे माहीत आहे’ असे धरून चालली आहे. मराठी गाण्यांच्या बाबतीत ते फारच धाडसाचे आहे.

माझ्या अभंगांच्या यादीत भीमसेनजी तीन नावांनी आहेत: `Bhimsen Joshi`, `Pt. Bhimsen Joshi` आणि देवनागरीत `पं. भीमसेन जोशी`. वेगवेगळ्या कंपन्यांनी वेगवेगळ्या संकलनांत जसे लिहिले तसेच ते ॲपवर आले. ॲपने ती नावे एकत्र जोडलेली नसतील तर त्याच्या लेखी हे तीन वेगळे गायक आहेत. मग मंजिरीताईंच्या पट्टीवर प्रत्येकाला स्वतंत्र सुरुवात मिळणार आणि तिन्ही एकमेकांच्या शेजारी खुशाल बसणार.

दुसरी अडचण याच्या उलट आहे. कितीतरी जुन्या गाण्यांवर कलाकार म्हणून पहिले नाव संगीतकाराचे असते. बाबूजी गायकही होते आणि संगीतकारही. त्यांनी चाल लावलेले आणि आशाबाईंनी गायलेले गाणे ॲपमध्ये कधी सुधीर फडके या नावाखाली असते, तर कधी आशा भोसले या नावाखाली. ॲप जर पहिलेच नाव धरत असेल तर ते ज्यांना एकमेकांपासून दूर ठेवते ते एका संगीतकाराचे निरनिराळे गायक असतील, आणि आपल्या कानाला ज्या दोन आशाबाई लागोपाठ नको होत्या त्या दोन वेगळ्या संगीतकारांच्या नावाखाली बिनदिक्कत येतील. राजारामपुरीकर, तुम्ही आद्याक्षरे कानाने लिहिलीत की पडद्यावरचे नाव पाहून?

राजारामपुरीकर

कानाने लिहिली, बाई. पडद्याकडे बघायला वेळ कुठला. आता बघतो.

वसतिगृह_सागरमाळ

मलाही हाच त्रास आहे. माझ्या प्लेलिस्टमध्ये २०० गाणी आहेत तरी तीच ती लागतात. काही गाणी तर यादीत टाकल्यापासून एकदाही वाजलेली नाहीत. वर सांगितलेला कोड वापरला तर हे थांबेल का?

मंजिरी_क

नाही थांबणार, कारण तुमच्याकडे गायक नव्हे, गाणी परत येत आहेत आणि त्याचे कारण बहुधा तुमच्या सवयीत आहे. माझा अंदाज आहे की तुम्ही दर वेळी नव्याने शफल दाबता, वीसेक गाणी ऐकता आणि बंद करता. शफल एका फेरीत गाणे परत आणत नाही, परंतु नवे शफल म्हणजे नवी फेरी, आणि तिला आधीच्या फेरीत काय वाजले ते आठवत नाही.

२०० पैकी २० गाणी, असे दहा वेळा ऐकले असे समजा. एकूण २०० गाणी वाजली, म्हणजे सगळी एकेकदा व्हायला हवी होती असे मनाला वाटते. प्रत्यक्षात एखादे गाणे एका बैठकीत न वाजण्याची शक्यता शेकडा ९० आहे. दहाही बैठकांत न वाजण्याची शक्यता ०.९ चा दहावा घात, म्हणजे शेकडा ३५. तेव्हा २०० पैकी जवळपास ७० गाणी तुम्ही अजिबात ऐकली नाहीत आणि त्याच वेळी चौदा-एक गाणी तीन किंवा त्याहून अधिक वेळा ऐकली. ती चौदा गाणी लक्षात राहतात आणि आपण म्हणतो, ॲपला हीच आवडतात. नवीन शफल न दाबता कालच्या रांगेतच पुढे चालू ठेवले, तर हा त्रास जातो. काही ॲप ही आठवण स्वतः ठेवतात: नवा क्रम करताना नुकती वाजलेली गाणी मागे सरकवतात.

जुना_श्रोता

मी हे सर्व वाचत आलो आहे आणि माझे मत जरा निराळे आहे. आकाशवाणीवर आवडीची गाणी ऐकण्यात ज्यांचे आयुष्य गेले त्यांना पुढे काय लागेल हे कधीच माहीत नसायचे आणि त्यातच रस होता. मंजिरीताईंच्या पट्टीवरच्या रांगेत फडक्यांचे एक गाणे संपले की पुढची दोन-तीन गाणी त्यांची नाहीत, हे मला आधीच कळलेले असते. ही कसली अनिश्चितता? तीन गाणी एकाच गळ्याची लागोपाठ आली तर त्या गळ्याचे वळण ध्यानात येते, जे विखुरलेल्या रांगेत येत नाही. पाच गायकांना शिस्तीत फिरवणे म्हणजे खानावळीतले वारांचे भाजीपत्रक झाले. खरे शफल आणि विखुरलेले शफल अशी दोन वेगळी बटणे असावीत आणि ज्याचे त्याने निवडावे.

स्वरगंधा

श्रोतेसाहेब, तुमचे म्हणणे एकट्याने बसून ऐकण्यापुरते ठीक आहे. दुकानात गिऱ्हाईक पाच मिनिटे थांबते. तेवढ्यात त्याला दोन गाणी ऐकू येतात आणि दोन्ही एकाच गायकाची असली तर त्याला वाटते की इथे हेच एक चालू असते. माझ्या विद्यार्थ्यांनाही गळ्यांतला फरक कळायचा तर ते आलटून पालटूनच यायला हवेत.

जुना_श्रोता

मला वाटते फरक कळायला आधी एक गळा नीट ऐकावा लागतो. पण हा वाद इथला नव्हे, थांबतो.

राजारामपुरीकर

मंडळी, पडदा पाहून सगळी नावे तपासली. स्वरगंधाबाईंचा अंदाज खरा निघाला. मी ज्यांना आशाबाईंची आठ गाणी म्हणत होतो, त्यांतली तीन ॲपमध्ये सुधीर फडके यांच्या नावाखाली आहेत. भीमसेनजी दोन नावांनी आहेत. शिवाय एकच गाणे दोनदा सापडले, एकदा मूळ संचातून आणि एकदा निवडक गाण्यांच्या संकलनातून. ॲपला ती दोन वेगळी गाणी वाटतात.

दुरुस्तीसाठी मुलीने ती गाणी विकत घेऊन दुकानातल्या जुन्या संगणकावर उतरवली, नावे एकसारखी केली आणि अभियंता साहेबांचा कोड चालवला. रांग झकास येते. आता अडले आहे ते द्वंद्वगीतांपाशी. फडके आणि आशाबाई यांचे एकत्र गाणे कोणाच्या खात्यात टाकायचे? फडक्यांच्या खात्यात टाकले तर ते आशाबाईंच्या गाण्याला चिकटते, आशाबाईंच्या खात्यात टाकले तर फडक्यांच्या. आणि चहावाल्यांचा प्रश्नही राहूनच गेला, पैसे घेऊन गाणी पुढे ढकलण्याचा.

अभियंता_कागल

द्वंद्वगीतासाठी ‘फडके-आशा’ असा तिसराच गायक मानला तर?

मंजिरी_क

तसे केले तर ते दोघांच्याही गाण्यांना चिकटू शकते, म्हणजे अडचण दुप्पट होते. पट्टीच्या रीतीची ही मर्यादाच आहे: तिला प्रत्येक गाण्यासाठी एकच धनी लागतो.

इथे दुसरी वाट धरावी लागते. पूर्ण यादृच्छिक असे पुष्कळ क्रम काढायचे आणि प्रत्येकाला दंडाचे गुण द्यायचे. शेजारच्या दोन गाण्यांत एकही गायक सामाईक असेल तर एक दंड, त्यात द्वंद्वगीतातले दोघेही मोजायचे. सर्वांत कमी दंडाचा क्रम ठेवायचा. तुमच्या मूळ यादीवर सरासरी सहा जोड्या पडतात हे आपण पाहिले, तेव्हा अजिबात जोडी नसलेला क्रम हजारात एखाद-दुसराच निघेल. तो नाही निघाला तरी एकाच जोडीचे काही क्रम निघतील. हजार क्रम काढायला जुन्या संगणकालाही क्षणभर पुरतो. ४० ऐवजी चार हजार गाणी असतील तर मात्र अशी आंधळी निवड पुरणार नाही. तिथे आधी पट्टीवर रांग लावायची आणि मग जिथे जोडी पडली आहे तिथलेच एखादे गाणे उचलून दूर ठेवून दंड कमी होतो का ते पाहायचे. नुकत्याच वाजलेल्या गाण्यांसाठीही याच पद्धतीने दंड लावता येतो, तो वसतिगृहाच्या कामाचा आहे.

चहावाल्यांच्या प्रश्नाचे दोन भाग करावे लागतील. काही ॲपमध्ये शफलचाच एक हुशार प्रकार असतो. तो तुमच्या यादीत नसलेली गाणी मध्ये घालतो किंवा यादी संपल्यावर स्वतःची निवड चालू करतो. ती गाणी कोणत्या निकषावर येतात हे बाहेरून सांगता येत नाही आणि तिथे मी कोणाचीच हमी देणार नाही. आधी ती सोय बंद आहे ना ते पाहा. तुमच्या स्वतःच्या ४० गाण्यांच्या रांगेत ढवळाढवळ होते का, हे मात्र तुम्हाला घरबसल्या तपासता येईल. यादी बंद करून पुन्हा पुन्हा शफल दाबा आणि दर वेळी फक्त पहिला गायक लिहा, पण या वेळी पडद्यावरचे नाव. शंभरेक नोंदी झाल्या की मोजा. आधी पडद्यावरच्या नावाने यादीत फडक्यांची गाणी किती आहेत ते पाहा, कारण ती आता १० नाहीत, तुमच्या म्हणण्याप्रमाणे निदान १३ आहेत. ४० पैकी १३ म्हणजे शंभरात ३२-३३. नोंदी २३ ते ४२ च्या दरम्यान आल्या तर त्यावरून काहीही सिद्ध होत नाही. साठ आल्या तर चहावाल्यांना माझ्या वतीने एक चहा सांगा आणि नोंदींचा कागद इथे टाका.

राजारामपुरीकर

नोंदी आजपासूनच सुरू करतो. एक शंका: ॲप नेहमी मी सध्या लावलेले गाणेच पहिले ठेवते आणि मग बाकीचे मिसळते, असे वाटते. मग पहिले मोजायचे की दुसरे?

मंजिरी_क

दुसरे मोजा. आणि सुरुवातीला नेहमी एकेकट्या चौघांपैकी एकाचेच गाणे लावून ठेवा, म्हणजे उरलेल्या ३९ मध्ये फडक्यांची १३ पूर्ण राहतील आणि शंभरात अपेक्षा साधारण ३३ ची येईल.

पन्हाळा_रोड

ताई, दोनदा बंद-चालू करून नावे लिहिली. पाचही तीच आली. नंतर पेनड्राइव्हवर आणखी सात गाणी टाकली, आता रांग वेगळी आहे, पण ती नवी रांगही रोज तीच लागते. गाण्यांच्या फाइलींची नावे बदलून काही उपयोग होईल का?

अभियंता_कागल

नावे बदलून उपयोग होईलच असे नाही. बऱ्याच टेप फाइली नावाप्रमाणे नव्हे, तर पेनड्राइव्हवर ज्या क्रमाने लिहिल्या गेल्या त्या क्रमाने वाचतात. सगळी गाणी संगणकावर घ्या, पेनड्राइव्ह रिकामा करा आणि कोडमधून निघालेल्या क्रमाने एकेक परत लिहा. मग टेपवरचे शफल बंदच ठेवा. तुमच्या टेपला शेवटचे गाणे लक्षात राहत असेल, तर किल्ली फिरवल्यावर ती तिथूनच पुढे चालू होईल. लक्षात राहते का ते आधी सांगा.